रविवारी काय करतोयस?

‘रविवारी काय करतोयस?’ असं मित्राने फोनवर विचारलं, तर त्याला खरं उत्तर देऊ नये, एवढी साधी अक्कल मला पंचेचाळिशी उलटली तरी आलेली नाही. पैसे मागणारा माणूस निदान आधी घसा खाकरतो, आईची तब्येत विचारतो, पाऊसपाण्याचं बोलतो. तेवढ्या वेळात आपण सावध होतो आणि मुलाच्या क्लासची फी, गाडीचा हप्ता वगैरे आठवून तयारीत बसतो. घर हलवणारा माणूस असा वेळ देत नाही. तो कामाचं नावच काढत नाही. तुम्ही मोकळे आहात हे आधी तुमच्याच तोंडून वदवून घेतो आणि मग म्हणतो, ‘‘अरे वा! बरं झालं. ये मग सकाळी, जरासं सामान हलवायचंय.’’

बापूचा हा फोन आला तेव्हा मी बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून येऊन, पायातले मोजे न काढता सोफ्यावर पडलो होतो. ‘‘काही नाही रे, झोपणार आहे,’’ असं मी म्हणालो, आणि ते शंभर टक्के खरं होतं. मी हिशेबाच्या खात्यात आहे. आम्हा लोकांचा मार्च महिना कसा जातो, हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. गोदामात जाऊन नटबोल्ट मोजायचे, येणी मागायची, देणी टाळायची, आणि एकतीस तारखेच्या रात्री दोन बाजूंत चाळीस पैशांचा फरक आला की सगळ्या खात्याने मिळून ते चाळीस पैसे शोधत पहाट करायची. चाळीस पैसे मी खिशातून द्यायला तयार होतो. साहेबांनी घेतले नाहीत. महिनाभरात घरी इतक्या अवेळी येत होतो, की आमच्या वॉचमनने मला एकदा गेटवर अडवून, ‘‘कितव्या मजल्यावर जायचंय?’’ असं विचारून वहीत सही घेतली. एप्रिलच्या पहिल्या मोकळ्या रविवारच्या उधारीवर मी जगत होतो. त्या दिवसाचा बेत ठरलेला होता. दहापर्यंत झोप, मग खिचडी-कढी, मग पुन्हा झोप, आणि संध्याकाळी जमलं तर जाग.

त्यात बापूचं सामान.

बापू दर अकरा महिन्यांनी घर बदलतो. भाडेकरारातले हे अकरा महिने आले कुठून, हे मी एकदा शोधून काढलं, कारण शत्रूची माहिती असावी. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं झालं. तो खर्च आणि खटाटोप चुकवायला कुणा हुशार माणसाने अकरा महिन्यांची शक्कल काढली. महाराष्ट्रात पुढे 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आला. मुदत कितीही असो, करार लेखी करायचा आणि नोंदवायचाच, असं सांगून त्याने ती पळवाट बुजवून टाकली. हा कायदा लागू झाला तोही 31 मार्च 2000 रोजी. त्या तारखेने माझं आणखी काय काय करायचं ठरवलंय, देव जाणे. पळवाट गेली, पण अकरा महिने तसेच राहिले. घरमालकांना त्यात भाडं वाढवायची सोय दिसते, एजंटाला महिन्याभराच्या भाड्याएवढी दलाली दिसते, आणि बापूला ‘आता जरा मोठं बघू’ असं दिसतं. कराराला दोन साक्षीदार लागतात. त्यातला एक मी असतो. म्हणजे घर घेताना माझा अंगठा आणि सोडताना माझी कंबर.

घर हलवणं म्हणजे काय, हे ज्याने दुसऱ्याचं घर हलवलं आहे त्यालाच कळतं. स्वतःचं हलवताना माणूस भावनेच्या भरात असतो. दुसऱ्याचं हलवताना डोकं शाबूत असतं, आणि म्हणून जास्त त्रास होतो. बापू सांगतो, ‘‘सगळं बांधून तयार आहे.’’ जाऊन बघावं तर बांधलेली असते फक्त एक चादरीची गाठोडी, आणि वहिनी ‘मिक्सर कुठल्या खोक्यात गेला’ म्हणून बांधलेली तेवढी एक गाठोडीच सोडत असतात. पलंग उघडून त्यातल्या वस्तू आधी काढायच्या असतात हे तो उचलून झाल्यावर लक्षात येतं. समोरून दार उघडणाऱ्या वॉशिंग मशीनला हलवताना मागे लांब बोल्ट लावायचे असतात. ते आतला ड्रम घट्ट धरून ठेवतात, नाहीतर तो प्रवासात आपटत राहतो. मशीन आलं त्या दिवशी कारागिराने ते बोल्ट काढून बापूच्या हातात दिले होते आणि ‘जपून ठेवा’ म्हणून सांगितलं होतं. बापूने ते इतके जपून ठेवले, की नंतर पाच घरांत ते कुणाला दिसले नाहीत. फ्रिज उभाच न्यायचा, आडवा केलाच तर पोचल्यावर काही तास तसाच उभा राहू द्यायचा, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. हे मी दरवेळी सांगतो, दरवेळी सगळे मान डोलावतात, आणि दरवेळी टेम्पोवाला ‘उभा ठेवला तर पुलाखाली लागंल’ म्हणून तो आडवा करतो.

मदतीला आलेल्या मित्रांच्याही जाती असतात. एक जण गाडीजवळ थांबतो. सामानावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच ना, असं तोच म्हणतो. एक जण चहा आणायला जातो आणि तो चहा कुठून आणतो कळत नाही, पण आसामला जाऊन यावं इतका वेळ लावतो. एक जण कॉलेजचा फोटो सापडला म्हणून खोक्यावर बसतो आणि त्यातल्या मुलींची नावं आठवायला लागतो. एक जण नुसता दिशा सांगतो. उरलेला एक जण उचलतो. तो मीच असतो, कारण मला चहाचं दुकान सापडत नाही आणि त्या मुलींची नावं मला कधीच माहीत नव्हती.

मागच्या वेळचं कपाट मला अजून स्वप्नात दिसतं. लोखंडी, आरशाचं, वहिनींच्या माहेरचं. बापूचं घर कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर, बिनालिफ्टच्या इमारतीत. कपाट उतरवताना त्यातल्या फळ्या काढायच्या, दाराला कुलूप लावायचं, आणि वर सुतळीचे दोन वेढे द्यायचे. यातलं कुलूप लावायचं काम आम्ही व्यवस्थित केलं, पण किल्ली मात्र आतच राहिली हे दुसऱ्या मजल्यावर कळलं. जिन्याच्या वळणावर कपाट आडवं बसलं. वरून बापू म्हणाला, ‘‘फिरव.’’ खालून मी फिरवलं. त्याने दुसरीकडे फिरवलं. आता कपाट वरही जाईना आणि खालीही येईना. मी कपाट आणि भिंत यांच्या मधे, गाल आरशाला चिकटलेला, म्हणजे माझीच मुद्रा मी इतक्या जवळून प्रथमच पाहत होतो. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आजी खालून वर आल्या. म्हणाल्या, ‘‘मला जायचंय.’’ मी म्हणालो, ‘‘मलाही जायचंय आजी.’’ त्या आमच्याकडे बघत पायरीवर बसल्या आणि त्यांनी पिशवीतल्या शेंगा निवडायला घेतल्या. कपाट हललं तेव्हा भाजी निवडून झाली होती.

तर एवढं सगळं माहीत असूनही मी बुधवारी फोनवर म्हणालो, ‘‘बघतो.’’

बापूने ते ‘येतो’ असं लिहून घेतलं. घरी सांगितलं, वहिनींनी नाश्त्याच्या माणसांत माझं नाव धरलं. रात्री मी अंथरुणावर पडल्या पडल्या कारणांची यादी केली आणि सकाळी ऑफिसला जाताना फोन लावला.

‘‘बापू, माझी कंबर धरलीय रे.’’

‘‘अरे, मग तू उचलू नकोसच! तू फक्त गाडीजवळ उभा राहा.’’

गाडीजवळ उभं राहण्याची सुरुवात उभं राहण्याने होते, हे खरं. पण दोन मिनिटांत कुणीतरी ‘हे जरा धर’ म्हणतं आणि ती वस्तू म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी असते. पन्नास किलोच्या पुढे वजन, आत आम्ल, तिरकी करायची नाही, आणि धरायला जागा नाही. मी दुसरं कारण काढलं.

‘‘शिवाय दुपारी सासूबाई यायच्यात.’’

‘‘दुपारी ना? मग आपण लवकर सुरू करू. दहाच्या ऐवजी सहाला ये. बाराला तू मोकळा.’’

म्हणजे कारण दिल्यामुळे माझी चार तासांची झोप गेली. मी घाबरून म्हणालो, ‘‘गाडी गॅरेजला आहे.’’

‘‘मी येतो की न्यायला! साडेपाचला खाली उभा राहा.’’

बापू एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी सोडवायच्या खात्यात आहे, हे मी विसरलोच होतो. ग्राहकांच्या तक्रारी तो कशा सोडवतो मला ठाऊक नाही, पण माझ्या त्याने तीन मिनिटांत सोडवल्या. नाही म्हणताना आपण जे कारण देतो ते आपल्याला भिंत वाटते, आणि समोरच्याला तो अडचण दूर करण्याचा अर्ज वाटतो. पाहुणे येणार? वेळ बदलू. गाडी नाही? घेऊन जाऊ. आणखी एखादं कारण सांगितलं असतं तर त्याने मला शनिवारी रात्रीच मुक्कामाला बोलावलं असतं.

राहता राहिलं मरण. आमच्या ऑफिसात एक गृहस्थ हे कारण सढळ हाताने वापरत. त्यांच्या एकच मावशी दोन वेळा गेल्या, दुसऱ्या वेळी जरा जास्तच अचानक. तेव्हापासून त्यांचे वडील खरोखर आजारी पडले तरी साहेब ‘‘कोणते?’’ असं विचारतात. माझ्याकडे एवढे नातेवाईक नाहीत, आणि जे आहेत त्यांना बापू ओळखतो. तो तिथे सांत्वनाला गेला असता.

मग मी लिहून कळवायचं ठरवलं. बोलताना आवाज नरम पडतो, लिहिताना पडत नाही, असा माझा समज होता. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी मेसेज लिहायला बसलो. ‘प्रिय बापू’ लिहिलं. ते श्रद्धांजलीसारखं वाटलं म्हणून खोडलं. ‘अरे बापू, खरं तर मला यायची फार इच्छा होती’ असं लिहिलं. हे तर धडधडीत खोटं. ‘मार्च एंडमुळे शरीर आणि मन’ इथपर्यंत आलो आणि पुढे ‘थकले आहे’ लिहावं की ‘थकली आहेत’, यात व्याकरण आडवं आलं. पुसायचं, लिहायचं, पुन्हा पुसायचं. तेवढ्यात फोन वाजला.

‘‘काय रे,’’ बापू म्हणाला, ‘‘मघापासून टाइप करतोयस असं दिसतंय. एवढं काय लिहितोयस?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हणालो. ‘‘सहाला येऊ की साडेपाचला, एवढंच विचारत होतो.’’

घरी आल्यावर हे बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. ती म्हणाली, ‘‘अहो, सरळ सांगा ना, जमणार नाही म्हणून.’’

‘‘आणि कारण?’’

‘‘कारण कशाला लागतं?’’

‘‘तुझं नाव सांगू का? हिला बरं नाही म्हणून?’’

‘‘माझ्या नावावर काहीही खपवायचं नाही. मागच्या वेळी तुम्ही मला गुडघेदुखी दिली होतीत. त्या वहिनी अजून मला हळदीकुंकवाला खुर्ची देतात.’’

मग तिने माझा सराव घ्यायचं ठरवलं. ती बापू झाली, मी मी झालो. हातातला दुधी फोनसारखा कानाला लावून ती बापूच्या आवाजात म्हणाली, ‘‘काय रे, रविवारी काय करतोयस?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हणालो.

तिने दुधी खाली ठेवला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

तिचं दुसरं म्हणणं मात्र मला पटलं. सांगायचं तर आजच सांगा. पगार झाल्यानंतरचा पहिला शनिवार-रविवार म्हणजे निम्मं पुणं चादरीत गाठोडं बांधून रस्त्यावर असतं. छोटा हत्ती आधी सांगून ठेवला नाही तर मिळत नाही, आणि हमाल तर त्याहून नाही. गुरुवारी नाही म्हटलेलं बापूला पचलं असतं; त्याच्या हातात दोन दिवस होते. शनिवारी रात्री ‘ताप आलाय’ म्हणणारा माणूस मदत तर करत नाहीच, शिवाय हमाल मिळायची वेळही खाऊन बसतो. आमच्यातल्याच एकाने एकदा ‘‘येतोच!’’ म्हणून छातीवर हात मारला होता आणि सकाळी फोन बंद करून ठेवला. त्याच्या भरवशावर बसल्यामुळे बापूचं ते कपाट अंधार पडेपर्यंत इमारतीखाली उभं होतं, आणि येणारे-जाणारे लोक आरशात भांग पाडून जात होते. शिवाय नव्या सोसायट्यांचे नियम असतात. बापू वाकडला नवव्या मजल्यावर चालला होता. तिथे सामानाला मागची लिफ्ट, तीही ठरलेल्या वेळात, आधी अनामत रक्कम भरा, आणि सहानंतर उशीसुद्धा वर न्यायची नाही. अशा ठिकाणी अर्धवट ‘हो’ फार महागात पडतं.

जेवणाआधी मी हिशेबाची वही घेऊन बसलो. कारण द्यायचं नाही असं ठरलं होतं, पण आकडे म्हणजे कारण नव्हे, असं मी माझ्या मनाशी ठरवलं. फोन लावला.

‘‘बापू, मला रविवारी जमणार नाही.’’

एवढं बोलून मी थांबलो. पलीकडे शांतता. अशी शांतता भरून काढायची माझी जन्माची सवय. तोंडातून ‘बरं, तासभर येतो’ निघणारच होतं, पण बायको समोर कालथा घेऊन उभी होती.

‘‘का रे?’’ बापू म्हणाला. ‘‘काय झालं?’’

‘‘काही झालं नाही. दमलोय. रविवारी झोपणार आहे. पण मी तुला एक हिशेब सांगतो. तू मागच्या वेळी आम्हाला सहा जणांना बोलावलंस. सकाळी मिसळ, एकशेवीसप्रमाणे सातशेवीस. चहा आणि थंड, धर तीनशे. दुपारी बिर्याणी, अडीचशेप्रमाणे दीड हजार. आणि रात्री दमलेल्या मित्रांना तू बसवलंस, त्याचे सव्वीसशे. किती झाले?’’

‘‘किती?’’

‘‘पाच हजार एकशेवीस. यात फुटलेला टीव्ही आणि कपाटाचा घसारा धरलेला नाही. हमाल नऊशे रुपये घेतो. तीन हमाल, सत्तावीसशे. ते फोटो बघत बसत नाहीत. कपाटाला पट्टा घालून एकटा पाठीवर घेतो आणि उतरतो. टेम्पोचा खर्च दोन्हीकडे तोच. म्हणजे आम्ही फुकटात तुला चोवीसशेवीस रुपयांनी महाग पडतो.’’

मला वाटलं, आता तो गप्प बसेल. हिशेबात मी कधी हरत नाही. पण बापू जरा नाराजीने म्हणाला, ‘‘पैशाचं नाही रे. हमाल सामानाला नुसतं सामान समजतात. आणि तू एकटा घर सोडून बघ एकदा. शेवटचा दिवा बंद करताना कुणीतरी शिव्या द्यायला लागतं.’’

या वाक्याला वहीत रकाना नव्हता. बायकोने कालथा किंचित वर केला.

‘‘सोमवारी संध्याकाळी येतो,’’ मी म्हणालो. ‘‘पुस्तकं लावू. शिव्या तेव्हा देईन.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की. आणि हमालांना आत्ताच फोन कर.’’

‘‘बरं,’’ बापू म्हणाला. भांडला नाही, रुसला नाही. माझ्या छातीवरून ते कपाट उतरलं. मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तिनेही मान डोलावली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, ती माझ्याकडे अशी पहिल्यांदाच पाहत होती. फोन ठेवणार तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

‘‘म्हणजे रविवारी तू घरीच आहेस ना?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो. सराव दुधीपुरताच झाला होता.

‘‘अरे, मग एक काम कर. आमचे सासरे आलेत गावाहून. ब्याऐंशी वय, त्या धुळीत कुठे बसवू त्यांना? सकाळी सोडतो तुझ्याकडे. त्यांचा काही त्रास नाही रे. तू खुशाल झोप.’’

रविवारी सकाळी साडेसहाला बेल वाजली. काका दारात उभे होते. निवृत्त मुख्याध्यापक, पांढरं धोतर, एका हातात काठी, दुसऱ्या हातात रेडिओ. मागे बापू, त्याच्या हातात तुळशीची कुंडी. ‘‘ही पण टेम्पोत मोडेल रे,’’ म्हणाला आणि गॅलरीत ठेवून गेला. काका सोफ्यावर बसले, माझ्या सोफ्यावर, म्हणजे माझा रविवार जिथे ठेवलेला होता तिथे. ‘‘तुम्ही झोपा,’’ असं मला म्हणाले आणि त्यांनी रेडिओ लावला.

झोप गेली ती गेली. मी समोरच्या खुर्चीत बसलो आणि मग एक विलक्षण प्रकार बघायला मिळाला.

बायकोने विचारलं, ‘‘काका, चहा?’’

‘‘नको,’’ काका म्हणाले.

झालं. एवढंच. ती कप घेऊन परत गेली. मी लोकांकडे चहा नको म्हणतो तेव्हा आत्ताच घेतला, पित्त होतं, साखर सोडलीय असं सगळं सांगतो आणि शेवटी बिनसाखरेचा, वर बिस्किटं असा दोन कप चहा पिऊन येतो. काकांनी ‘नको’ म्हटलं आणि ते पुन्हा बातम्या ऐकू लागले, जणू काही घडलंच नाही.

‘‘नाश्त्याला पोहे केलेत.’’

‘‘आणा.’’

‘‘वर शेव?’’

‘‘नको.’’

दहा वाजता बापूने व्हिडिओ कॉल केला. ‘‘बाबा, नवं घर बघा! हा हॉल.’’ काका म्हणाले, ‘‘नको,’’ आणि फोन माझ्या हातात दिला. मग तो हॉल, ते स्वयंपाकघर, दोन्ही बाथरूम आणि गॅलरीतून दिसणारा हायवे मी पाहिला. मागे तीन हमाल ते कपाट पाठीवरून अल्लद उतरवताना दिसत होते. दुपारी खालच्या मजल्यावरचे जोशी वर्गणीची पावती घेऊन आले. मी पाकीट शोधत होतो. काकांनी दारातल्या दारात त्यांना ‘‘नाही’’ म्हटलं आणि दार लावलं. जोश्यांना इतक्या लवकर परत जाताना आमच्या इमारतीत कुणी पाहिलं नव्हतं.

सामान बारापर्यंत चढलं, लिफ्टची अनामत परत मिळाली, नव्या घरात दूध उतू घालवून झालं, हे सगळं बापूने फोन करकरून कळवलं. संध्याकाळी सातला तो स्वतः आला, घामाने भिजलेला आणि खूश. ‘‘हमाल भारी होते रे,’’ म्हणाला. ‘‘एक ओरखडा नाही. चला बाबा, घर तयार आहे.’’

‘‘नाही,’’ काका म्हणाले.

‘‘नाही म्हणजे? तुमची खोली लावलीय वेगळी.’’

काकांनी रेडिओचा आवाज थोडा वाढवला.

‘‘गरम होतं का? एसी उद्या बसवून घेतो. लिफ्टची भीती वाटते का? मी असतो ना बरोबर. तिथे बाग आहे खाली, नाना-नानी पार्क आहे.’’

बापू एकेक अडचण स्वतःच काढत होता आणि स्वतःच सोडवत होता. काका पुढचा कार्यक्रम ऐकत होते. त्यांनी एकही तक्रार केली नव्हती, त्यामुळे निवारण करायला काही हातात सापडेना. नोकरीची वीस वर्षं तक्रारी सोडवण्यात घालवलेला माणूस माझ्या दिवाणखान्यात मधोमध हात लोंबकळत उभा होता.

शेवटी तो माझ्याकडे वळला. ‘‘एक-दोन दिवस राहू देत का रे? तुला चालेल ना?’’

बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात या वेळी कालथा नव्हता.

‘‘हे काय विचारणं झालं बापू,’’ मी म्हणालो. ‘‘आपलंच घर आहे.’’

आतून गादी आणून मी सोफ्याजवळ अंथरली, चादर घातली, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. काकांनी ते सगळं नीट पाहिलं.

‘‘पंखा जरा कमी करा,’’ ते म्हणाले. ‘‘आणि पहाटे पाचला उठवा मला.’’